भाड्याच्या घरात पाइप फुटतो तेव्हा

फ्लॅटमध्ये पाणी भरण्याचे नेहमीचे कारण म्हणजे बेसिनखालचा किंवा गीझरचा दीड-दोन फुटी लवचिक कनेक्शन पाइप. वरून दिसते ती स्टीलची जाळी; पाणी खेळते ते आतल्या रबरी नळीतून. जाळीवर गंजाचे ठिपके आले, नळी कडक झाली किंवा टोकाच्या नटाला चीर गेली, की पाइप एखाद्या दिवशी अचानक सुटतो. टाकी गच्चीवर असल्याने खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त, त्यामुळे तिथे धोकाही जास्त. असा पाइप मिनिटाला दहा लिटर ओतत राहिला, तर तीन तासांत अठराशे लिटर पाणी घरात येते. बाथरूमचा उंबरा ओलांडून ते खोल्यांत पसरते.

समजा, पुण्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी तरुणी संध्याकाळी घरी परतते, तर दाराखालून पाणी वाहते आहे. अशा वेळी आधी वीज बंद करायची. मुख्य स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच घरातून, नाहीतर जिन्याखालच्या मीटरपाशी वॉचमन किंवा इलेक्ट्रिशियनकडून. मग पाणी. बेसिनखालचा अँगल कॉक फिरवला की प्रवाह थांबायला हवा, पण वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक बहुधा अडकलेला असतो. जोर लावला तर तोच तुटतो. त्यापेक्षा गच्चीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून घेणे बरे. तो कुठला, हे सोसायटीच्या वॉचमनला ठाऊक असते. खालच्या घरालाही लगेच कळवावे, कारण पाणी स्लॅबमधून झिरपून त्यांच्या छतातल्या दिव्यांपर्यंत पोचू शकते.

पाणी थांबले की मालकाला फोन, आणि पाठोपाठ लेखी संदेश. फोनवरचे बोलणे पुढे कुणालाच नीट आठवत नाही. संदेश साधाच असावा: “काका, आज संध्याकाळी साडेसहाला घरी आले तेव्हा बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटून दोन्ही खोल्यांत घोट्याएवढं पाणी होतं. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून घेतला आहे, लाइटही बंद आहे. फोटो पाठवते. प्लंबर तुम्ही पाठवता की मी बोलावू? खर्चाचंही सांगा.” पाणी उपसण्याआधी फुटलेल्या जागेचा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा आणि प्रत्येक भिजलेल्या वस्तूचा फोटो घ्यावा. फुटलेला पाइप मात्र टाकू नये. नट गंजून तुटला की कुणाच्या धक्क्याने, हे तोच सांगतो, आणि डिपॉझिटमधून पैसे कापायची भाषा निघाली तर उपयोगी पडतो.

सामानात सर्वांत लवकर जाते ते पार्टिकल बोर्डचे फर्निचर. त्याच्या कडा फुगल्या की पुन्हा बसत नाहीत. अस्सल लाकूड सावलीत हळूहळू वाळवले तर बरेचदा वाचते. कापसाची गादी आतून ओली राहते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. फ्रिज आणि वॉशिंग मशीन वरून कोरडे दिसले तरी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय सुरू करू नयेत. खरी हळहळ वाटते ती गुणपत्रिकांची आणि फोटोंची. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. मधे टिपकागद घालून पंख्याच्या हवेत वाळवावीत; तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली तरी बुरशी थांबते.

पाइप बदलण्याचा खर्च बहुधा करारावर ठरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चतुर्थांशापर्यंतच. आज मात्र बहुतेक घरे लीव्ह अँड लायसन्सवर दिली जातात. त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू नव्हे, परवानाधारक असतो, म्हणून करारातले दुरुस्तीचे कलम सही करण्यापूर्वीच वाचायला हवे.

सामानाची भरपाई मिळवणे त्याहून अवघड. पाइप अचानक फुटला, एवढ्यावरून मालक गादीचे पैसे देणे लागत नाही. पण पाइप ठिबकतो आहे असा संदेश महिन्यापूर्वी गेला असेल आणि मालकाने तो वाचूनही काही केले नसेल, तर हलगर्जीपणाचा मुद्दा उभा राहतो. म्हणून थेंब दिसला त्याच दिवशी फोटोसह कळवावे.

मालकाचा इमारतीचा विमा भाडेकरूच्या सामानाला लागू होत नाही. एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्या देत असलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून होणारे नुकसान धरलेले आहे, आणि भाड्याने राहणाऱ्याला केवळ घरातल्या सामानासाठीही ती घेता येते. दावा करायचा असेल तर कंपनीला ताबडतोब कळवावे आणि सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत खराब झालेली वस्तू भंगारात देऊ नये.