दुःखाचे निदान आणि उपचार

भगवान बुद्धांनी सारनाथच्या मृगदावात आपल्या पाच जुन्या सोबत्यांना जो पहिला उपदेश केला, त्यात चार आर्यसत्ये सांगितली: दुःख, दुःखाचा उगम, दुःखाचा निरोध आणि निरोधाकडे नेणारा मार्ग. वैद्यही रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध याच क्रमाने विचार करतो. इसवी सनाच्या ५ व्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी आपल्या 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथात ही तुलना केलेली आहे.

परंतु ही सत्ये नुसती पाठ करून भागत नाही. त्याच उपदेशात प्रत्येक सत्यासंबंधीचे कर्तव्यही सांगितले आहे. दुःख नीट जाणावयाचे, त्याचे मूळ जी तृष्णा ती सोडावयाची, निरोधाचा स्वतः अनुभव घ्यावयाचा आणि मार्ग आचरावयाचा. आपली चूक बहुधा येथेच होते. जे जाणावयाचे तेच आपण झटकून टाकू पाहतो, आणि जी सोडावयाची ती तृष्णा मात्र जपून ठेवतो.

किसागोतमीची कथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. श्रावस्तीच्या या स्त्रीचे एकुलते एक लहान मूल दगावले. ते शव कडेवर घेऊन ती दारोदार औषध मागत हिंडू लागली. अखेर ती बुद्धांकडे आली. त्यांनी तिला उपदेश केला नाही की मृत्यू अटळ आहे असेही सांगितले नाही. ज्या घरात कधीच कोणी मेले नाही अशा घरातून थोडी मोहरी आणावयास सांगितले. मोहरी घरोघरी होती. मृत्यू न पाहिलेले घर मात्र एकही सापडले नाही.

येथे वैद्याने खरा रोगी कोण हे ओळखले. औषध मुलासाठी मागितले होते, रोग मातेच्या मनात होता. घरोघरी फिरताना तिने दुःख जाणले. 'माझ्या बाळाला मरण नसावे' हा हट्ट, म्हणजेच तृष्णा, तिला दिसला आणि सुटला. तेव्हा तिने शवाचा अंत्यविधी केला आणि पुढे ती भिक्षुणी झाली. त्या दिवशी तिला सम्यक् दृष्टी लाभली. ती अष्टांगिक मार्गाची पहिली पायरी होय. वाणी, कर्म, उपजीविका, स्मृती, समाधी इत्यादी बाकीची अंगे म्हणजे दीर्घकाळ घ्यावयाचे औषध.

या औषधाची मर्यादाही आम्ही सांगून ठेवतो. त्याने मूल परत आले नाही. जरा, व्याधी व मरण हे देहाचे धर्म. ते बुद्धांनाही चुकले नाहीत. शरीराला वेदनेचा बाण लागतोच, पण त्यावर शोक करून अज्ञ मनुष्य स्वतःस दुसरा बाण मारून घेतो, असे बुद्धवचन आहे. चार सत्यांचा उपचार आहे तो या दुसऱ्या बाणावर.