तक्त्यातली साडी, हातातली साडी

येवल्याकडचं एक मध्यम आकाराचं साड्यांचं दुकान डोळ्यांसमोर आणा. सणासुदीच्या आधी ऐंशी-नव्वद साड्यांचा माल येतो. प्रत्येकीचा फोटो काढायचा, खाली चार ओळी लिहायच्या आणि इन्स्टाग्रामवर ठरावीक वेळी टाकायच्या, असं काम असतं. या चार ओळींत साहित्य काही नसतं. रंग, काठ, जर, किंमत, कोड ही माहिती मात्र असते, आणि ती दुकानाच्या शीटमध्ये आधीच भरलेली असते. मग तीच पुन्हा हाताने टाइप कशाला करायची? शीटनेच मसुदा तयार करावा, माणसाने तो पाहावा आणि मग पोस्टची वेळ लावावी, ही पद्धत आता छोट्या दुकानांनाही परवडते. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही, गूगल शीट्स पुरतं.

शीटमध्ये एका साडीला एक ओळ द्यायची. A रकान्यात कोड, B मध्ये प्रकार, C मध्ये रंग, D मध्ये काठ, F मध्ये जर आणि H मध्ये किंमत. मधले रकाने पदर आणि लांबी यांचे. J रकान्यात हे सूत्र लिहायचं:

```
=C2&" "&B2&IF(D2="","",", "&D2&" काठ")&CHAR(10)
&IF(F2="","","जर: "&F2&CHAR(10))
&"किंमत ₹"&TEXT(H2,"#,##0")&CHAR(10)&"कोड "&A2
```

`&` तुकडे जोडतो आणि `CHAR(10)` नवी ओळ पाडतो. `IF` चं काम महत्त्वाचं आहे. रकाना रिकामा असेल तर त्या माहितीचा अख्खा तुकडाच तो गाळतो. तो नसेल तर ‘जर:’ असं लिहून पुढे काहीच नाही, अशी अर्धवट ओळ ग्राहकापर्यंत जाते. सगळं भरलेलं असेल तर मसुदा असा दिसतो:

```
हिरवी पैठणी, नारळी काठ
जर: टेस्टेड
किंमत ₹14,500
कोड P-117
```

हे सूत्र खाली ओढलं की साऱ्या मालाचे मसुदे तयार. इन्स्टाग्रामवर कॅप्शनची मर्यादा २,२०० अक्षरांची आहे, पण सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो आणि बाकीचा उघडावा लागतो. म्हणून साडी कोणती ते पहिल्याच ओळीत यायला हवं. एक बारीक गोष्ट किंमतीची. `#,##0` हे रूप हजारांपर्यंत ठीक चालतं, पण सव्वा लाखाची पैठणी आली की ते 1,25,000 ऐवजी 125,000 छापतं. लाखाच्या वरचा माल असेल तर त्याचं वेगळं रूप द्यावं लागतं.

इथवर कोणत्याही भाषेत चालेल. मराठीत मात्र तुकडे जोडताना व्याकरण आडवं येतं. रंगाच्या रकान्यात ‘हिरवा’ लिहिलं असेल, तर सूत्र निमूटपणे ‘हिरवा पैठणी’ लिहील. लाल, गुलाबी, केशरी हे रंग बदलत नाहीत. हिरवा, निळा, जांभळा बदलतात, म्हणून चूक काहीच ओळींत दिसते आणि नेमकी तिथेच निसटते. दुकानात साडीबरोबर शेला आणि उपरणंही असेल तर हिरवी साडी, हिरवा शेला आणि हिरवं उपरणं अशी तीन रूपं लागतात. गावाचंही तसंच. पैठण असेल तर ‘ची’ लावून काम भागतं, येवला असेल तर ‘येवल्याची’ व्हायला हवं. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे रंगाची तिन्ही रूपं एका वेगळ्या पानावर लिहून ठेवायची आणि `VLOOKUP` ने वस्तूच्या लिंगाप्रमाणे रूप उचलायचं. दुसरा उपाय सोपा आहे. वाक्यच करायचं नाही, ‘रंग: हिरवा’, ‘गाव: येवला’ असं लिहायचं. छोट्या दुकानाने दुसऱ्यापासून सुरुवात करावी. वाचायला थोडं कोरडं वाटतं, पण चुकत नाही.

व्याकरणाची चूक निदान दिसते तरी. खरा धोका वेगळ्या चुकीत आहे. ‘हिरवी पैठणी, नारळी काठ, जर: असली’ हे वाक्य ठाकठीक आहे, पण हातातल्या साडीची जर टेस्टेड असेल तर ते खोटं आहे. असली जरीत चांदीची तार असते, टेस्टेडमध्ये तांब्याची, आणि दोघींच्या किंमतीत मोठी तफावत पडते. ही चूक शिरते कशी? माल भरणाऱ्याने पहिल्या ओळीत ‘असली’ लिहिलं आणि वेळ वाचवायला तो चौकोन खाली ओढला. बारा साड्यांच्या गठ्ठ्यात दोन टेस्टेड होत्या, त्यांच्यावरही ‘असली’ उमटलं. सूत्राने फक्त रकान्यात होतं ते नीट मांडलं. अशी चूक मजकूर कितीही वेळा वाचला तरी सापडत नाही, कारण मजकुरात खटकण्यासारखं काहीच नसतं.

म्हणून तपासणीचा अर्थ आधी पक्का करायला हवा. शुद्धलेखन बघणं हा तिचा छोटा भाग झाला. तपासणाऱ्याने समोर साडी घ्यायची आणि साडीकडून मजकुराकडे जायचं. आधी जर पाहायची, चिठ्ठीवरची किंमत वाचायची, काठ पाहायचा आणि मग पडद्यावर काय लिहिलंय ते बघायचं. उलट क्रमाने गेलं, म्हणजे आधी ‘असली जर’ वाचून मग साडी पाहिली, तर डोळ्यांना तेच दिसू लागतं. पोस्टला जोडायचा फोटोही तिथेच ताडून पाहायचा. कोड P-117 चा मजकूर आणि P-118 चा फोटो ही अदलाबदल एक ओळ सरकली की सहज होते. शिवाय ही तपासणी एका बैठकीत नव्वद साड्यांची करू नये. पहिल्या वीस बरोबर निघाल्या की पुढच्या नजरेखालून नुसत्या सरकतात. दहा-पंधराचा हप्ता बरा.

काही चुका माणसापर्यंत येऊच नयेत अशी सोय शीटमध्येच करता येते. प्रकार आणि जर हे रकाने टाइप न करता यादीतून निवडायला लावायचे. ‘पैठणी’ आणि ‘सेमी पैठणी’ हे दोन वेगळे पर्याय ठेवायचे, कारण यंत्रमागावरच्या साडीला सेमी म्हणण्याची बाजारात रीत आहे आणि ग्राहक त्यावरूनच भाव ठरवतो. लांबीच्या रकान्याला मर्यादा घालायची. मीटरमध्ये साडेपाच आणि वारांत सहा हे जवळपास एकच माप आहे, पण ५.५ च्या पुढे ‘वार’ छापलं गेलं तर साडी अर्धा वार कमी ठरते. एकक रकान्याच्या नावातच लिहून ठेवायचं. कोडाचाही घोळ होतो. ‘3-12’ असा कोड टाकला तर शीट त्याची तारीख करून मोकळी होते. कोडाच्या आधी अक्षर लावलं की हा त्रास टळतो.

दाव्यांसाठी एक वेगळा नियम उपयोगी पडतो. ज्या शब्दाला पुरावा लागतो, तो शब्द पुराव्याच्या रकान्याला बांधायचा. ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द सूत्रात कायमचे ठेवायचे नाहीत. सिल्क मार्कच्या लेबलवर क्रमांक असतो. तो क्रमांक ज्या ओळीत भरला आहे, तिथेच ते शब्द उमटावेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मालाचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, आणि सोशल मीडियावरची पोस्ट ही जाहिरातच असते. ‘शीटनेच लिहिलं’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

सूत्राऐवजी मजकूर लिहून देणारी एआयची साधनं वापरली तर भाषा जास्त लवचिक येते, हिरवा-हिरवीचा प्रश्नही बहुतेक सुटतो. पण रकान्यांत नसलेली गोष्टही ती सहज जोडून देतात. ‘पैठणी’ एवढ्यावरून ‘कुशल विणकरांनी हातमागावर विणलेली’ असं येऊ शकतं, आणि साडी सेमी असेल तर ते सरळसरळ खोटं. अशा मसुद्याला एक कसोटी लावावी. प्रत्येक दाव्याखाली रेघ मारायची आणि तो कुठल्या रकान्यातून आला ते दाखवायचं. रकाना सापडला नाही तर ते शब्द खोडायचे.

मंजुरीनंतरचा टप्पा बहुतेक जण विसरतात. J मधलं सूत्र जिवंत असतं. सोमवारी मसुदा मंजूर झाला आणि मंगळवारी कुणी किंमत बदलली, तर मजकूर आपोआप बदलतो आणि ‘मंजूर’चा शिक्का मात्र तसाच राहतो. म्हणून मंजुरी ही ओळीला न देता नेमक्या मजकुराला द्यायची. तपासून झाल्यावर J मधला चौकोन कॉपी करून K मध्ये `Ctrl+Shift+V` ने चिकटवायचा, म्हणजे सूत्र न येता फक्त मजकूर येतो. मग L मध्ये हे सूत्र:

```
=IF(K2="","बाकी",IF(EXACT(J2,K2),"मंजूर","पुन्हा पाहा"))
```

आता मूळ माहितीत एका अक्षराचा जरी फरक पडला तरी ‘पुन्हा पाहा’ उमटतं. शेजारच्या रकान्यात तपासणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहायची. पुढे तक्रार आली तर शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

वेळ लावण्यासाठी मेटा बिझनेस सूटमध्ये प्लॅनर आहे. मजकूर नेहमी K मधून उचलायचा. तिथे एक गंमत होते. अनेक ओळींचा चौकोन शीटमधून कॉपी करून बाहेर चिकटवला की मजकुराच्या सुरुवातीला आणि शेवटी दुहेरी अवतरणचिन्हं येतात. त्यासाठी चौकोन उघडून आतला मजकूर निवडावा आणि तोच कॉपी करावा.

एकदा वेळ लागली की त्या पोस्टचा शीटशी संबंध तुटतो. पैठणीचा बहुतेक एकेक नग असतो. शनिवारी दुकानात विकली गेलेली साडी रविवारी संध्याकाळी पोस्टमधून पुन्हा विक्रीला येते, आणि रात्री दहा जणांना ‘गेली’ म्हणून उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे शीटमध्ये ‘पोस्टची वेळ’ आणि ‘विकली’ असे दोन रकाने हवेत आणि गल्ल्यावरच्या माणसाला दुसरा भरायची सवय हवी. रोज सकाळी दिवसभरात जाणाऱ्या पोस्ट एकदा पाहायच्या. ज्यांच्यापुढे ‘विकली’ किंवा ‘पुन्हा पाहा’ आलंय, त्या प्लॅनरमधून काढायच्या. हे सकाळचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण ते कोणी करायचं ते नावानिशी ठरवलं नसेल, तर आठवडाभरात ते बंद पडतं. दुकानात ते करायला कोणी नसेल, तर आठवड्याच्या पोस्ट आगाऊ लावून ठेवू नयेत. मसुदे शीटकडून घ्यावेत आणि पोस्ट त्या-त्या दिवशी, साडी कपाटात आहे हे पाहून हाताने टाकावी.