कुंडी ओली, पण सेन्सर म्हणतो ‘कोरडी’

विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलांनी पुदिन्याच्या कुंडीला आपोआप पाणी देणारा पंप बसवला होता. पहिला आठवडा झकास गेला. नंतर माती चिखल झाली तरी पंप थांबेना. सेन्सर उपटून पाहिला, तर त्याचा एक पाय काळाहिरवा पडला होता आणि दुसरा जवळपास नवा होता.

एकच पाय खराब होणं हीच खरी खूण. दोन पायांच्या स्वस्त सेन्सरमध्ये वीज ओल्या मातीतून एका पायाकडून दुसऱ्याकडे जाते. ती सतत चालू ठेवली की धन बाजूच्या पायाचा धातू विरघळून मातीत उतरतो. पाय झिजला की वीज कमी वाहते, आणि सेन्सरच्या हिशेबात कमी वीज म्हणजे कोरडी माती. मग पंप पाणी ओतत राहतो आणि मुळं कुजतात.

इलाज सोपा आहे. सेन्सरची VCC तार 5V ला न जोडता आर्डुइनो उनोच्या 7 नंबरच्या पिनला जोडा आणि वीज फक्त मोजण्यापुरती द्या.

```
digitalWrite(7, HIGH);
delay(100);
long s = 0;
for (int i = 0; i < 10; i++) s += analogRead(A0);
digitalWrite(7, LOW);
int v = s / 10;
```

पिन 7 आधी `setup()` मध्ये OUTPUT करायची. दहा वाचनांची सरासरी घेतली की आकडा फार उड्या मारत नाही. दर अर्ध्या तासाने असं मोजलं, तर दिवसभरात सेन्सरला जेमतेम पाच सेकंद वीज मिळते. मात्र पंप चालू असताना मोजू नका, आकडा भरकटतो.

आता कोरडं-ओलं ठरवणं. बरेच जण सेन्सर हवेत धरतात, मग पाण्याच्या ग्लासात बुडवतात. ते आकडे कुंडीच्या काय कामाचे? त्याच कुंडीतली माती उन्हात पूर्ण वाळवा, परत भरून दाबा, सेन्सर नेहमीच्या खोलीवर रोवा आणि आकडा लिहून ठेवा. मग तळातून पाणी निथळेपर्यंत भिजवा, अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा.

आमच्याकडे कोरडी 890 आणि ओली 420 आली. म्हणजे मधलं अंतर 470. एका सकाळी वाचन 655 होतं. 890 मधून 655 वजा केले, 235 उरले. 470 च्या निम्मे, म्हणून ओल 50 टक्के. पंप 30 टक्क्यांखाली, म्हणजे 749 च्या वर, सुरू होतो.

तार निसटली तरी आकडा 1023 च्या आसपास जातो आणि यंत्राला वाटतं माती वाळवंट झाली. म्हणून 950 च्या वर वाचन आलं तर पंप बंदच ठेवायचा, अशी एक ओळ मुलांनी घातली.

खत घातलं की क्षारांमुळे वीज जास्त वाहते आणि माती आहे त्याहून ओली दिसते, तेव्हा दोन्ही आकडे पुन्हा घ्यावे लागतात. थोडे पैसे जास्त असतील तर कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. त्यात उघडा धातू मातीत नसतो. पण त्याच्या पट्टीच्या कापलेल्या कडांतून पाणी आत शिरतं, म्हणून रोवण्याआधी कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या आणि वरचे सुटे भाग मातीबाहेर ठेवा.