टाइल वाळेपर्यंत कॅमेरा बंद

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या बाथरूमची भिंत ओली असताना बघा आणि तासाभराने वाळल्यावर पुन्हा बघा. ओली असताना ती बऱ्यापैकी स्वच्छ वाटते. वाळली की नळाखालचे पांढरे ओघळ, टाइलवरचा धुरकट थर, सांध्यांमधली पिवळट रेघ, सगळं वर येतं. क्षारांचा थर सच्छिद्र असतो. त्यातल्या बारीक पोकळ्यांमध्ये हवा असते, उजेड तिथे विखुरतो आणि म्हणून थर पांढरा दिसतो. पोकळ्यांत पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं आणि थर जवळजवळ पारदर्शक होतो. डाग जिथल्या तिथेच असतो, फक्त दिसत नाही.

सफाई सेवांचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ दाखवणारे कितीतरी व्हिडिओ नेमके इथेच खोटे पडतात. ‘आधी’ची भिंत कोरडी असते आणि ‘नंतर’ची नुकतीच पाणी मारलेली, चकचकीत. करणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू असेलच असं नाही. काम संपलं, पाणी ओतलं, भिंत छान दिसली, मोबाइल काढला, एवढंच. पण त्या चित्रात सफाई किती आणि पाणी किती, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नाही. घरी भिंत वाळल्यावर ग्राहकाला मात्र ते कळतं, आणि मग तो त्या सेवेच्या पुढच्या कुठल्याच व्हिडिओवर विश्वास ठेवत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीतलं, दहा वर्षं वापरातलं बाथरूम. पाणी बोअरचं. पांढऱ्या चकचकीत टाइलवर क्षारांचा थर, नळ पांढरा पडलेला, शॉवरच्या काचेच्या पार्टिशनवर ठिपके. दोन कामगार, दोन-अडीच तासांचं काम, आणि त्यातून करायचा सव्वा मिनिटाचा व्हिडिओ.

चित्रणाची तयारी कामाच्या तयारीआधी करावी लागते, कारण एकदा ब्रश फिरला की ‘आधी’ परत आणता येत नाही. मोबाइल ट्रायपॉडवर लावायचा आणि ट्रायपॉडच्या तिन्ही पायांच्या जागी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या. पाणी वाहणार असल्यामुळे खुणा शक्यतो बाथरूमच्या उंबऱ्याबाहेर असाव्यात. ट्रायपॉडची उंची मोजून लिहून ठेवायची. लेन्स साधी, १x वरच. ‘आधी’ला रुंद लेन्स आणि ‘नंतर’ला साधी असं झालं, तर बाथरूमचा आकारच बदलून जातो आणि जागा मोकळी झाल्याचा भास होतो. फ्रेम तीनच ठरवायच्या: दारातून दिसणारं पूर्ण बाथरूम, नळाची भिंत जवळून आणि काच जवळून. नळाची भिंत सगळ्यांत खराब आहे म्हणूनच ती निवडली आहे, हे लपवायचं कारण नाही. आधी पूर्ण बाथरूम दाखवलं की ती भिंत म्हणजे सगळं बाथरूम नव्हे, हे बघणाऱ्याला आपोआप समजतं.

याच वेळी बादल्या, शांपूच्या बाटल्या, टूथब्रश, वाळत घातलेले टॉवेल सगळं बाहेर काढायचं. हे ‘आधी’चं चित्रण करण्यापूर्वी झालं पाहिजे. बरेच जण पसाऱ्यासकट ‘आधी’ घेतात आणि रिकाम्या बाथरूमचं ‘नंतर’ दाखवतात. बघणाऱ्याच्या मनावर पडलेला निम्मा फरक मग आवरण्याचा असतो आणि पैसे मात्र सफाईचे मागितलेले असतात. सामान बाहेर काढल्यावर ग्राहकाची खासगी गोष्टही चित्रणात येत नाही. चित्रणाची परवानगी अर्थातच त्याआधी घ्यायची, आणि व्हिडिओ कुठे दाखवणार तेही स्पष्ट सांगून.

आता उजेड. सकाळी अकराला सुरू केलेलं काम दीडला संपतं. तेवढ्यात खिडकीतलं ऊन सरकलेलं असतं. खिडकीवर जाड काळं कापड लावायचं आणि बाथरूमचा दिवा अधिक एक एलईडी लाइट, एवढ्यावरच दोन्ही चित्रणं करायची. लाइटची जागाही खुणेने पक्की करायची. उजेड भिंतीवर बाजूने, तिरका पडला की थराचा खरबरीतपणा उठून दिसतो. समोरून पडला की तोच थर सपाट होऊन लपतो. तिरका उजेड चांगलाच आहे, थर त्यात खरा दिसतो. पण ‘नंतर’लाही तो त्याच कोनातून पडला पाहिजे, उरलेला खरबरीतपणा तेव्हाही दिसला पाहिजे.

मोबाइल आपणहून काय करतो, हे इथे समजून घेण्यासारखं आहे. समोरचं चित्र फार उजळ किंवा फार गडद होऊ नये म्हणून तो उजेड सतत कमी-जास्त करतो आणि पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून रंगही दुरुस्त करतो. त्यामुळे ‘आधी’ची पिवळट भिंत तो थोडी पांढरी करतो आणि ‘नंतर’ची लख्ख भिंत थोडी काळपट. म्हणजे कॅमेरा प्रामाणिक कामावरही अन्याय करतो. मग माणूस वैतागून संपादन करताना ‘नंतर’चा उजेड वाढवतो, आणि खरं झालेलं काम खोटं वाटायला लागतं. यावर उपाय सोपा आहे. आयफोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की ‘AE/AF LOCK’ अशी अक्षरं येतात आणि उजेड व फोकस स्थिर होतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ‘प्रो’ व्हिडिओ मोड असतो. त्यात रंगाचं तापमान, शटर आणि आयएसओ हाताने ठरवून त्यांचे आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि ‘नंतर’ला तेच लावायचे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की दिव्यामुळे चित्रात पट्टे सरकण्याची शक्यता कमी होते.

एवढं करूनही बघणाऱ्याने आपल्या शब्दावर का विश्वास ठेवावा? म्हणून फ्रेममध्ये एक साक्षीदार ठेवायचा. भिंतीच्या वरच्या कोरड्या कोपऱ्यात साध्या पांढऱ्या कागदाचा तळहाताएवढा तुकडा चिकटवायचा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्हीकडे तो सारखाच पांढरा दिसला, तर उजेड आणि रंग बदललेले नाहीत. कागदही उजळला असेल, तर भिंत किती उजळली ते सांगता येत नाही, आणि हे कुणीही व्हिडिओ थांबवून स्वतः तपासू शकतं. चित्रण कापण्यापूर्वी करणाऱ्यानेही हीच तपासणी आधी स्वतःवर करावी.

याहून भक्कम पुरावा म्हणजे न घासलेली एक टाइल. नळाच्या भिंतीवरची मधली एक टाइल शेवटपर्यंत सोडायची. भोवतीच्या टाइल घासून, धुऊन, वाळवून झाल्या की घासलेली आणि न घासलेली टाइल एकाच क्षणी, एकाच उजेडात, एकाच फ्रेममध्ये शेजारी दिसतात. इथे कॅमेऱ्याची कुठलीच करामत शिल्लक राहत नाही. काम करताना त्या टाइलवर पाणी उडणारच, म्हणून ती प्लास्टिकच्या कागदाने चारी बाजूंनी पट्टी लावून झाकायची. तरी कडेने थोडं औषध आत झिरपतं, त्यामुळे तुलना टाइलच्या मधल्या भागाची करायची. चित्रण झालं की ती टाइलही घासून द्यायची. ग्राहकाला आधीच सांगून ठेवलं नसेल, तर ‘अहो दादा, ही एक राहिलीच की’ हे ऐकावं लागतं आणि तेही रास्तच असतं.

मधला भाग कामाचा. क्षार काढायला सल्फॅमिक ॲसिडसारखं औषध पाण्यात मिसळून लावतात, काही मिनिटं ठेवतात, नायलॉनच्या ब्रशने घासतात, धुतात, आणि थर जाड असेल तर हेच पुन्हा करतात. व्हिडिओत दोन तासांचे पंचवीस सेकंद होतात. यात गैर काही नाही, फक्त किती वेळ लागला आणि औषध किती वेळा लावलं ते पडद्यावर ठळक लिहिलं पाहिजे. एकदा ब्रश फिरवला आणि थर गेला असं दिसलं, तर ग्राहक अर्ध्या तासाच्या कामाची अपेक्षा धरून बसतो. हातमोजे आणि चष्माही दिसू द्यावेत. व्हिडिओ पाहून कुणी घरी हेच करायला जाईल, आणि ॲसिडबरोबर ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, ही एक ओळ त्याच्यासाठी लिहायलाच हवी.

काम संपलं की कॅमेरा सुरू करायचा नाही. आधी वायपर, मग मायक्रोफायबरचं कोरडं कापड, मग टेबलफॅन. फॅन बाहेर, कोरड्या जागी ठेवून वारा आत सोडायचा. टाइल लवकर वाळते, सांधे उशिरा. सांधे पूर्ण वाळून मूळ रंगावर आले की भिंत वाळली असं समजायचं. कोरड्या टाइलवरून बोट फिरवायचं. कुठे खरबरीत लागलं, पांढरी छटा परत आली, तर तिथे थर उरला आहे. तो पुन्हा घासायचा किंवा उरला म्हणून तसाच दाखवायचा.

काचेची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं क्षार बसलेल्या काचेचा पृष्ठभागच काही ठिकाणी झिजतो. थर निघतो, बोटाला काच गुळगुळीत लागते, तरी धुरकटपणा राहतो. तो डाग नाही, ती काचेचीच इजा आहे. औषध कितीही लावलं तरी ती जात नाही, पॉलिश करावं लागतं, आणि तेही नेहमी पूर्ण यशस्वी होत नाही. नळाचा क्रोम उडाला असेल, तर तोही सफाईने परत येत नाही.

हे न निघालेलं व्हिडिओत दाखवायचं आणि त्याला भरपूर जागा द्यायची. सव्वा मिनिटातले शेवटचे दहा-बारा सेकंद याचेच. पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘परिणाम वेगवेगळे असू शकतात’ असं लिहिणं म्हणजे हे दाखवणं नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. मूळ दाव्यातला दिशाभूल करणारा भाग तळटीप लिहून दुरुस्त करता येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे.

दोन चित्रं जोडतानाही संयम लागतो. ‘आधी’ची फ्रेम तीन-चार सेकंद स्थिर, मग सरळ काप, मग ‘नंतर’ची तितकाच वेळ. मध्ये पांढरा झगमगाट, चमकणारे तारे, अचानक चढणारं संगीत काही नको. झगमगाटाने डोळा दिपतो आणि नेमकी तुलना करायच्या क्षणी बघणाऱ्याला तुलना करता येत नाही. त्यापेक्षा नळाचा आणि ब्रशचा खरा आवाज ठेवावा. पूर्ण बाथरूम, नळाची भिंत, काच, याच क्रमाने दोन्हीकडे जायचं, आणि तीनपैकी एखाद्या फ्रेममध्ये फरक फारसा दिसत नसेल तरी ती वगळायची नाही.

शेवटच्या पाटीवर बाथरूमचा आकार, पाणी कुठलं, माणसं किती, वेळ किती आणि पैसे किती, एवढं लिहावं. बोअरचं पाणी तेच राहणार असल्यामुळे थर पुन्हा बसेल, रोज अंघोळीनंतर वायपर फिरवला तर उशिरा बसेल, हेही तिथेच लिहावं.