खाली काढलेला व्ह्यू वरचा की खालचा?

फर्स्ट इयरच्या इंजिनीअरिंग ड्रॉइंगमध्ये पहिल्याच महिन्यात एक वाक्य पाठ करून घेतात: फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू खाली, थर्ड अँगलमध्ये वर. परीक्षेपुरतं ते पुरतं. पण समोर दुसऱ्या कुणाचं ड्रॉइंग येतं आणि त्यावरून लोखंड कापायचं असतं, तेव्हा हे पाठांतर तोकडं पडतं. एक ब्रॅकेट घेऊ आणि तो शेवटपर्यंत वाचू.

ब्रॅकेट इंग्रजी एल आकाराचा आहे. पाया ८० मिलिमीटर लांब, ५० रुंद, २० जाड. डाव्या टोकाला १५ मिलिमीटर जाडीची भिंत, एकूण उंची ६०. भिंत आणि पाया यांना जोडणारी तिरकी रिब रुंदीच्या मधोमध, ८ जाडीची. पायात बोल्टसाठी एक भोक आहे, पण ते रुंदीच्या मध्यावर नाही. त्याचा मध्य डाव्या कडेपासून ५० आणि समोरच्या कडेपासून फक्त १५ मिलिमीटरवर आहे. वरून १८ व्यासाचं, ११ खोल काउंटरबोअर, खाली ११ व्यासाचं आरपार भोक. एम १० चा ॲलन बोल्ट बसवायला असंच भोक करतात, म्हणजे बोल्टचं डोकं वर येत नाही.

शीटवर वर फ्रंट व्ह्यू आहे, त्याच्या खाली दुसरा व्ह्यू. खालच्या व्ह्यूमध्ये डावीकडे भिंतीची पट्टी दिसते, आणि भोकाचा मध्य सर्वांत खालच्या रेषेपासून १५ वर. आता ही खालची रेषा ब्रॅकेटची समोरची कड की मागची?

उत्तर पद्धतीवर अवलंबून आहे. फर्स्ट अँगलमध्ये वस्तू पाहणारा आणि प्लेन यांच्या मध्ये असते. वरून पाहिलं की चित्र वस्तूच्या खालच्या, आडव्या प्लेनवर पडतं. ते प्लेन खाली वळवून शीटच्या पातळीत आणलं की वस्तूची मागची कड फ्रंट व्ह्यूजवळ येते आणि समोरची कड लांब, खाली जाते. म्हणजे आपली खालची रेषा समोरची, आणि भोक समोरून १५ वर. थर्ड अँगलमध्ये प्लेन पारदर्शक मानतात आणि ते पाहणारा व वस्तू यांच्या मध्ये असतं. जिकडून पाहिलं तिकडेच चित्र येतं. म्हणून फ्रंट व्ह्यूखालचं चित्र खालून पाहिलेलं असतं आणि त्यात समोरची कड फ्रंट व्ह्यूला लागून असते. तीच खालची रेषा आता मागची कड ठरते.

पहिल्या पद्धतीचं ड्रॉइंग दुसरी समजून वाचलं, तर भोक समोरून १५ ऐवजी मागून १५ वर पडतं. सगळी मापं बरोबर, व्हर्निअर कुठेही चूक दाखवणार नाही, आणि ब्रॅकेट आरशातला निघेल. भिंत आणि पाया यांची मापं वेगळी असल्यामुळे तो कसाही फिरवला तरी मूळ जागी बसणार नाही. ही चूक बहुतेक वेळा जोडणी करतानाच लक्षात येते, आणि तोवर सगळे नग कापून झालेले असतात.

पद्धत ओळखायची खूण टायटल ब्लॉकमध्ये असते: एका बाजूला निमुळत्या शंकूचा तुकडा, शेजारी दोन समकेंद्री वर्तुळं. दोन्ही वर्तुळं सलग रेषेत आहेत, म्हणजे शंकू अरुंद टोकाकडून पाहिला आहे. मग वर्तुळं अरुंद टोकाच्या बाजूला काढली असतील तर थर्ड अँगल, कारण जिकडून पाहिलं तिकडेच चित्र. रुंद टोकाच्या बाजूला असतील तर फर्स्ट अँगल. एवढा तर्क कळला की खूण पाठ करावी लागत नाही.

भारतात बीआयएसच्या एसपी ४६ नुसार कॉलेजात फर्स्ट अँगल शिकवतात. अमेरिकेत आणि जपानमध्ये थर्ड अँगल रूढ आहे, त्यामुळे तिथल्या कंपन्यांसाठी काम करणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली की दुसरी पद्धत पहिल्याच दिवशी हातात येते. उरलेल्या दोन अँगलांची पंचाईत नाही: तिथे प्लेन वळवल्यावर टॉप आणि फ्रंट व्ह्यू एकमेकांवर येतात, म्हणून ते वापरात नाहीत.

खूण छापायची राहिली असेल तर ड्रॉइंग स्वतःच साक्ष देतं. खालच्या व्ह्यूमध्ये भिंतीच्या आतल्या कडेची रेषा सलग आहे. खालून पाहिलं असतं तर ती पायाआड लपली असती आणि तुटक आली असती. भोकाची दोन्ही वर्तुळंही सलग आहेत. वरचं काउंटरबोअर खालून पाहताना तुटक दिसलं असतं. म्हणजे हा टॉप व्ह्यूच आहे आणि पद्धत फर्स्ट अँगल. सलग आणि तुटक रेषांमधला हा फरक विद्यार्थी निव्वळ सुबकतेचा भाग मानतात. माझ्या मते ड्रॉइंग वाचणाऱ्याचा सर्वांत भरवशाचा आधार तोच आहे.

आता सेक्शन. टॉप व्ह्यूमध्ये भोकाच्या मध्यातून आडवी साखळी रेषा गेली आहे, टोकांना जाड, दोन्हीकडे ए हे अक्षर, आणि बाण वर, म्हणजे मागच्या कडेकडे. बाण पाहण्याची दिशा दाखवतात. प्लेनच्या अलीकडचा, समोरच्या बाजूचा तुकडा काढून टाकला आणि उरलेल्याकडे बाणाच्या दिशेने पाहिलं, असा त्याचा अर्थ. बाण उलटे असते तर आपण मागून पाहत असतो आणि भिंत उजवीकडे आली असती.

फ्रंट व्ह्यूच्या जागी काढलेल्या ए-ए सेक्शनमध्ये जिथून करवत प्रत्यक्ष धातूतून गेली, तिथेच हॅचिंग येतं: पातळ, ४५ अंशांच्या रेषा. भिंत आणि पाया एकच तुकडा आहेत, म्हणून दोघांचं हॅचिंग एकाच दिशेचं आणि सारख्या अंतराचं. भोकाची जागा कोरी: वर ११ खोलीपर्यंत १८ रुंद, खाली उरलेल्या ९ मध्ये ११ रुंद. रिब प्लेनच्या मागे आहे, तिला करवत लागलीच नाही, म्हणून तिची फक्त तिरकी कड दिसते. प्लेन रिबच्या लांबीतून गेलं असतं तरी संकेतानुसार तिला हॅचिंग करत नाहीत, कारण हॅचिंग केलं तर पातळ रिब भरीव पाचरीसारखी वाटते.

सर्वांत जास्त चुकतं ते भोकाच्या कोऱ्या भागात. मुलं दोन्ही बाजू हॅच करतात आणि मधली जागा मोकळी सोडतात. पण भोकाचा मागचा अर्धा भाग अजून समोर दिसतोच आहे. त्याची वरची गोल कड, ११ खोलीवरची पायरी आणि तळाची कड, या तिन्ही आडव्या सरळ रेषा म्हणून भोकाच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत काढाव्या लागतात. त्या नसतील तर चित्र सांगतं की भोकाच्या मागे काहीच नाही, म्हणजे ब्रॅकेटचे दोन सुटे तुकडे आहेत.

अनोळखी ड्रॉइंग हातात आलं की आधी टायटल ब्लॉकमधली खूण बघा, मग कटिंग प्लेनचे बाण, आणि मापांकडे त्यानंतरच वळा. खूण नसेल आणि तुटक रेषांवरूनही खात्री होत नसेल, तर मशीनवर जॉब लावू नका. ज्याने ड्रॉइंग काढलं त्याला आधी विचारा.