एक पुस्तक, एक जागा, दोन विषय

घरातली पुस्तकं दोन-तीनशेंच्या पुढे गेली की नुसत्या आठवणीवर पुस्तक सापडत नाही. विषयवार लावायला घेतलं, की इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’सारखं पुस्तक अडवतं. ते महाभारतात ठेवायचं की समाजशास्त्रात? कपाटात त्याला एकच जागा मिळते; स्प्रेडशीटमध्ये मात्र दोन्ही विषय नोंदवता येतात.

त्यासाठी लेखक, शीर्षक, मुख्य विषय, दुसरा विषय, जागा आणि ‘कुणाकडे दिलं’ असे सहा रकाने पुरतात. ‘युगान्त’चा मुख्य विषय महाभारत, दुसरा समाजशास्त्र, जागा ‘क२’, म्हणजे ‘क’ कपाटाचा दुसरा कप्पा. ‘दुसरा विषय’ या रकान्यात समाजशास्त्राचा फिल्टर लावला, तरी पुस्तक हाती येतं.

घोळ होतो तो लिहिण्यात. एकदा ‘पु. ल. देशपांडे’ आणि एकदा ‘देशपांडे, पु. ल.’ लिहिलं, तर संगणक ते दोन लेखक धरतो. म्हणून आडनाव आधी, हा नियम कायम पाळावा. विषय हाताने न लिहिता ड्रॉपडाउन यादीतून निवडावा. जागेत पुस्तकाचा क्रमांक नको, कप्पाच लिहावा आणि प्रत्येक कप्पा थोडा रिकामा ठेवावा. मग नवं पुस्तक आलं तरी जुन्या नोंदी बदलाव्या लागत नाहीत.