जुन्या ध्वनिचित्रफितीतील दुहेरी प्रतिमा कशी पुसावी?

गच्चीवर एकाने अँटेना फिरवायची आणि घरातून दुसऱ्याने "आलं, आलं, गेलं!" असे ओरडायचे, हा मुंबईतील दूरदर्शनच्या काळाचा घरोघरचा अनुभव. त्या काळी व्हीसीआरवर टिपलेल्या कार्यक्रमांच्या फिती आज अनेक कुटुंबांनी परदेशी आणल्या आहेत. त्या संगणकावर उतरवताना एक दोष हमखास दिसतो : प्रत्येक चेहऱ्याच्या आणि अक्षराच्या उजवीकडे त्याचीच फिकट जोडप्रतिमा.

हा दोष केवळ क्षीण संदेशाचा नव्हे. नुसता संदेश क्षीण असेल, तर पडद्यावर मुंग्या दिसतात. जोडप्रतिमा दिसते ती एकच लहर दोन वाटांनी आल्यामुळे : एक वरळीच्या मनोऱ्यावरून थेट, दुसरी एखाद्या उंच इमारतीवर आपटून, किंचित उशिरा. थेट लहर वाटेतील अडथळ्यांनी दुबळी झाली की परावर्तित लहर तिच्या तुलनेत ठळक ठरते. पडद्यावरील प्रत्येक रेषा डावीकडून उजवीकडे रेखली जात असल्याने उशिरा आलेली प्रत उजवीकडे सरकलेली दिसते.

येथेच उपायाचे सूत्र सापडते. टिपलेले चित्र म्हणजे मूळ चित्र अधिक त्याचीच ठरावीक अंतराने सरकलेली, ठरावीक प्रमाणात फिकट झालेली प्रत. अंतर आणि प्रमाण ही दोन मापे मिळाली की प्रत वजा करता येते.

मोजमापासाठी गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेली श्रेयनामावली उत्तम. समजा, ७२० बिंदूंच्या रेषेत एका अक्षराची डावी कड २१० व्या बिंदूवर आहे आणि तिची जोडप्रतिमा २३७ व्या. सरक २७ बिंदूंची झाली. प्रमाणित डिजिटल रूपांतरात एका मायक्रोसेकंदात १३.५ बिंदू घेतले जातात. म्हणजे उशीर २ मायक्रोसेकंदांचा, आणि परावर्तित लहरीची वाट सुमारे ६०० मीटर अधिक लांब. आता उजळपणा पाहू. पार्श्वभूमी ४०, अक्षर २०० आणि जोडप्रतिमा ८० असेल, तर १६० च्या फरकाची प्रत ४० ची आहे, प्रमाण ०.२५.

टिपलेल्या चित्राचीच पाव भाग प्रत २७ बिंदू सरकवून वजा करावी, असे प्रथम सुचते. पण त्या चित्रात जोडप्रतिमाही आहे. तीही वजा होते आणि ५४ बिंदूंवर नवी, काळसर सावली उमटते. आपल्या उदाहरणात ती १० अंकांची, म्हणजे नजरेस पडण्याइतकी असेल. म्हणून वजाबाकी डावीकडून उजवीकडे, एकेक बिंदू घेत, आधीच स्वच्छ झालेल्या भागाच्या आधारे करावी लागते. `y` हे उजळपणाचे दशांशी आकड्यांतील कोष्टक आणि १६ हा काळ्या रंगाचा अंक धरल्यास पायथॉनमध्ये ते असे होते :

```python
d, a = 27, 0.25
for n in range(d, 720):
    y[:, n] -= a * (y[:, n - d] - 16)
```

जोडप्रतिमेने सपाट, उजळ भागांत भर घातलेली असते. ती निघून गेल्यावर चित्र थोडे मंद भासते. काळ्या पातळीपासून उजळपणा १.२५ पट केल्यास ते पूर्ववत होते.

मापे चुकल्यास चित्रच सांगते. जोडप्रतिमेच्या जागी काळी सावली आली, तर प्रमाण जास्त धरले आहे. कडेला एका बाजूने उजळ व दुसऱ्या बाजूने गडद, नक्षी उठावदार केल्यासारखी रेघ दिसली, तर सरक एक-दोन बिंदूंनी चुकली आहे. जोडप्रतिमा मुळातच काळी असेल, तर प्रमाण ऋण धरावे. दोन लहरी परस्परविरोधी आल्यास तसे घडते.

भारतातील फीत पाल पद्धतीची, ६२५ रेषांची असते. ती पाल व्हीसीआरवरच चालवावी आणि आकार बदलण्यापूर्वी, चित्र संकुचित करण्यापूर्वी ही क्रिया करावी. अन्यथा सरकेचे माप ढळते. केवळ उजळपणावर काम करावे, रंगाला हात लावू नये, कारण परावर्तनात रंगलहरीची कला बदलते आणि तेथे साधी वजाबाकी लागू पडत नाही.

मर्यादाही आहेत. वाऱ्याने अँटेना हलत असेल, तर मापे क्षणाक्षणाला बदलतात. प्रमाण मोठे, ०.६ च्या आसपास असेल, तर वजाबाकीबरोबर मुंग्याही पुनःपुन्हा उमटून वाढतात. तेव्हा थोडी सावली राहू देणे बरे. आणि मूळ डिजिटल प्रत जपून ठेवावी. अधिक अचूक मापे मिळाली की त्याच प्रतीवर पुन्हा काम करता येते.